सोळा किलोचं लोखंड की जोर-बैठका?

गणपतीला मालवणला घरी गेलो होतो. मामेभाऊ पुढच्या महिन्यात नोकरीसाठी परदेशी निघालाय. उघडी बॅग समोर ठेवून त्याने विचारलं, "दादा, केटलबेल हयसूनच न्हेव काय?" तेवीस किलोच्या बॅगेत सोळा किलोचं लोखंड घातलंस तर आमसुलं आणि पिठी कुठे घालणार, एवढंच आधी म्हणालो. पण केटलबेल, म्हणजे वर कडी असलेला लोखंडी गोळा, घ्यावी की तालमीतल्या जोर-बैठकांवर भागवावं, हा प्रश्न खराच आहे. तोक्योत मी दोन्ही करून पाहिलंय.

माझी खोली सहा तातामींची, म्हणजे जेमतेम दहा चौरस मीटर. इमारत लाकडी. टेबल आणि अंथरूण सोडून उरते ती जागा एका चटईएवढी. गावच्या तालमीत रोज शंभर बैठका मारणारा मी तिथे चार वर्षं खुर्चीतच होतो. एका रविवारी हुरूप आला आणि थेट शंभर बैठका मारल्या. पुढचे तीन दिवस स्टेशनचा जिना कठड्याला धरून, पाय तिरके टाकत उतरलो. नशीब, एवढ्यावर निभावलं. मोठ्या खंडानंतर अशा ढीगभर बैठका मारल्या तर स्नायू तुटून त्यातले घटक रक्तात उतरू शकतात आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. लघवी काळ्या चहासारखी झाली, मांड्या सुजून टणक झाल्या तर घरगुती उपाय न करता तडक दवाखाना गाठायचा.

दुसऱ्यांदा सुरुवात केली ती पाच जोर आणि दहा बैठका, अशा तीन फेऱ्यांनी. आठवड्यातून तीन दिवस. दर आठवड्याला फेरीमागे एक जोर आणि दोन बैठका वाढवल्या, म्हणजे आठव्या आठवड्यात बारा जोर, चोवीस बैठका. वाढ हळू वाटते, पण स्नायू लवकर तयार होतात आणि गुडघ्याच्या कंडरा मागे राहतात. घाई केली की आधी गुडघाच बोलतो. वेळेचं मी वेगळं काही ठरवलं नाही. घरून काम करताना कोड पाठवला की चाचण्या चालायला बारा मिनिटं लागतात. पूर्वी त्या बारा मिनिटांत मोबाइल हातात असायचा. आता `git push` केलं की खुर्ची मागे सरकवतो. तिन्ही फेऱ्या त्यात बसतात.

जोर-बैठकांना पैसा लागत नाही, पण उणीव मोठी आहे: ओढण्याचा व्यायाम त्यात नाहीच. दिवसभर पुढे वाकून बसणाऱ्याची पाठ तशीच राहते. दुसरी अडचण मनगटाची. टायपिंगने आधीच दुखणारं मनगट जोर मारताना आणखी कुरकुरतं. मी मुठींवर मारायला लागलो, तेव्हा थांबलं.

केटलबेल तिसऱ्या महिन्यात आली. तिथेच घेतली, जुनी, सोळा किलोची. एका हाताने ओढायला ती उत्तम. दुसरा हात टेबलावर टेकायचा, पाठ सपाट ठेवायची आणि कोपर कमरेकडे आणायचं. दोन पायांमधून पुढे-मागे झुलवायच्या झोक्याला मात्र जागा हवी. पुढे आणि मागे हात लांबवून वस्तू लागत नाही, इतकी तरी. झोका खुब्यातून मारायचा, हाताने उचलायचा नाही. दुसऱ्या दिवशी ढुंगण आणि मांड्यांचा मागचा भाग दुखला तर बरोबर, कंबर दुखली तर चूक. आणि आवाज होतो तो मारताना नाही, खाली ठेवताना. मी दुमडलेल्या गादीवर ठेवतो.

म्हणून त्याला सांगितलं: पहिले दोन महिने जोर-बैठकाच मार, खोलीचा अंदाज येऊ दे, मग पाठीसाठी तिथलीच एक जुनी केटलबेल घे. गुडघा आधीच दुखत असता तर उलट सांगितलं असतं, कारण झोक्यात गुडघा फार वाकत नाही. दारात अडकवायच्या बारचा त्याने विषय काढला, तो मी उडवून लावला. भाड्याच्या घराची नाजूक चौकट मोडली तर भरपाई आपल्याच खिशातून.

"पण बैठकांचो आवाज खालच्याक जाता काय?" हे तोंडी सांगण्यात अर्थ नव्हता. घराचा माळा लाकडी आहे. त्याला वर पाठवलं, मी खाली ओटीवर बसलो. पहिल्या पाच बैठकांत माळ्याची धूळ माझ्या डोक्यावर पडली. टाचा आपटत होता. टाचा हलक्या टेकव, वर येताना उडी घेऊ नकोस, असं ओरडून सांगितलं. पुढच्या पाच ऐकू आल्या नाहीत. तेवढ्यात स्वयंपाकघरातून मामी बाहेर आली, हातातली धुळकट मोदकाची परात वर धरून: "घर पाडतस काय रे?"