इनहिबिटर निघाल्यावर एमिसिझुमॅब: माझ्या मुलाचा आजवरचा अनुभव

माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, वजन 20 किलो. सिव्हिअर हिमोफिलिया ए, म्हणजे रक्त गोठवणारा फॅक्टर आठ एक टक्क्याच्याही खाली. गेले काही महिने त्याला एमिसिझुमॅब चालू आहे. सोलापुरात अशा मुलांच्या आया भेटल्या की विचारतात, "फरक पडतो का हो?" पडतो, खूप पडतो. पण हे इंजेक्शन घेणाऱ्या घराला काही गोष्टी पक्क्या माहीत हव्यात, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी आम्ही ब्लीड झालं की फॅक्टर द्यायचो. किलोमागे एक युनिट दिलं की पातळी साधारण दोन टक्क्यांनी चढते. गुडघ्यात रक्त उतरलं तर 40 टक्क्यांपर्यंत न्यायची, म्हणून 20 किलोला 400 युनिट. एरवी त्याला लवकर उतार पडायचा. एकदा मात्र वेळेत, पूर्ण डोस देऊनही दुसऱ्या दिवशी गुडघा तसाच गरम आणि ताणलेला. पाय सरळ करेना, चादर लागली तरी रडायचा. पुन्हा डोस दिला, तेच. नेहमीच्या डोसला ब्लीड दाद देत नसेल तर पहिली शंका इनहिबिटरची घ्यायची. बाहेरून दिलेल्या फॅक्टरला शरीर परकं समजतं आणि त्याला निकामी करणाऱ्या अँटिबॉडी तयार करतं. सिव्हिअर प्रकारात चारातल्या एका मुलाला तरी हे होतं आणि बहुतेक वेळा फॅक्टर घेतल्याच्या पहिल्या 50 दिवसांत.

तपासणीत एक मेख आहे. रुग्णाचा आणि निरोगी माणसाचा प्लाझ्मा मिसळून लगेच पाहिलं तर रिपोर्ट ठीक येऊ शकतो, कारण ही अँटिबॉडी सावकाश काम करते. मिश्रण 37 अंशांवर दोन तास ठेवल्यावर खरं चित्र दिसतं. आमचा नमुना पुण्याला गेला, अँटिबॉडी किती आहे ते मोजणारी बेथेस्डा टेस्ट 18 युनिट आली. पाचच्या वर गेलं की हाय टायटर. मग फॅक्टर आठ कितीही ओता, उपयोग नाही, उलट त्याने अँटिबॉडी आणखी वाढू शकते.

त्यानंतर ब्लीडला फॅक्टर सात, आठला वळसा घालून रक्त गोठवणारं. किलोला 90 मायक्रोग्रॅम, म्हणजे त्याला 1.8 मिलिग्रॅम, आणि सुरुवातीला दर दोन-तीन तासांनी. लेकराच्या हाताच्या पाठीवर शीर शोधायला जागा उरली नव्हती.

एमिसिझुमॅबमध्ये फॅक्टर आठ नसतोच. आठचं काम असतं नऊ आणि दहा या दोन फॅक्टरना जवळ आणायचं, ते काम ही बनवलेली अँटिबॉडी करते. एका टोकाने नऊला धरते, दुसऱ्याने दहाला. इनहिबिटरला ती ओळखूच येत नाही. पहिले चार आठवडे दर आठवड्याला किलोला तीन मिलिग्रॅम, म्हणजे 60. आता तेवढंच, पण पंधरवड्याला एकदा. त्याला 60 ची एक कुपी बरोबर पुरते, औषध जेमतेम 0.4 मिलि. मांडीवर कातडीखाली देते, दर वेळी जागा बदलून. कधी तिथे थोडं लाल होतं, दोन दिवसांत जातं. वजन वाढलं की डोस बदलतो, म्हणून वजन करत राहावं लागतं.

कुपी दोन ते आठ अंशांत ठेवायची. फ्रिजबाहेर एकूण सात दिवस चालते, पण 30 अंशांच्या आत. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात घरातही पारा 30 च्या आत राहत नाही, त्यामुळे ही सवलत आमच्या कामाची नाही. आणताना डब्यात बर्फ असतो, पण कुपी त्याला टेकू देत नाही. गोठलं की औषध गेलं.

चालू केल्यापासून गुडघ्यात आपोआप ब्लीड झालेलं नाही. तो जिने चढतो, शाळेत जातो. तरी हा आजार बरा झालेला नाही. मध्यंतरी पडून ओठ आतून फाटला. तातडीच्या विभागात रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहणारी एपीटीटी केली, नॉर्मल आली. डॉक्टर म्हणाले, "ताई, रिपोर्ट तर चांगला आहे." हे औषध चालू असताना एपीटीटी नॉर्मलच दिसते, त्यावरून काही ठरवता येत नाही. नेहमीची बेथेस्डाही अशीच फसते, गाईच्या प्रथिनांवर चालणारी क्रोमोजेनिक पद्धत मागावी लागते.

त्याहून मोठा धोका दुसऱ्या एका औषधाचा. इनहिबिटरच्या मुलांना ब्लीडमध्ये एपीसीसी, म्हणजे फायबा, देतात. एमिसिझुमॅबवर असताना ते दिवसाला किलोमागे 100 युनिटांच्या वर एक दिवसाहून जास्त चाललं, तर बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊन किडनीला इजा झाल्याचं दिसलेलं आहे. शेवटच्या डोसनंतर साधारण सहा महिने ही काळजी ठेवावी लागते. आमच्या डॉक्टरांनी कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलंय: एमिसिझुमॅब चालू, इनहिबिटर आहे, ब्लीडला फॅक्टर सात, फायबा विचारल्याशिवाय नको. एक प्रत दप्तरात, एक वर्गशिक्षिकेकडे. ओठ फाटला त्या दिवशी तेच कार्ड दाखवलं आणि फॅक्टर सात मिळालं.