सीटी अँजिओ की नळीची अँजिओ? घाई नसलेल्या छातीदुखीसाठी

आधी एक गट बाजूला काढतो. छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतंय, घाम फुटलाय, बसूनही दुखणं थांबत नाही, ईसीजी बदललाय किंवा हृदयाला इजा झाल्यावर रक्तात वाढणारं ट्रोपोनिन वाढलंय, अशा माणसासाठी ही तुलना नाहीच. त्याने हे वाचत बसू नये, थेट कॅथलॅब असलेलं रुग्णालय गाठावं. तिथे मनगटातून नळी घालून तपासणी आणि गरज असेल तर लगोलग स्टेंट, हाच मुख्य उपाय आहे आणि त्यात मिनिटांना किंमत आहे.

मी लिहितोय ते दुसऱ्या गटासाठी. माचीपर्यंत गाडीने जाऊन पुढे पावागडच्या पायऱ्या चढताना छाती भरून येते, थांबलं की बरं वाटतं. कधी जेवणानंतरही तसंच होतं, म्हणून ॲसिडिटीची गोळी घेऊन महिने काढलेले असतात. डॉक्टर अशा वेळी तीन गोष्टी विचारतात: दुखणं छातीच्या मधोमध, आवळल्यासारखं आहे का, श्रमाने किंवा मनस्तापाने येतं का, आणि थांबल्यावर किंवा जिभेखालच्या गोळीने पाचेक मिनिटांत जातं का. तिन्हींना होकार असेल तर संशय पक्का, दोनच जुळले तर अर्धवट. माझे दोन जुळत होते. वय पन्नाशीच्या पुढे, वडिलांची बायपास झालेली, ईसीजी आणि इको ठीक. एका डॉक्टरांचं म्हणणं, ‘सरळ अँजिओ करून टाकू, एकदाचं कळेल.’ दुसरे म्हणाले, आधी सीटी करा. मी सीटी केली, आणि ती का केली हे सांगायला भाऊजींची गोष्ट सांगावी लागेल.

भाऊजींची तक्रारही अशीच, बेताची. ते नळीच्या अँजिओला गेले. सकाळीच ताईने फॉर्मवर सही केली होती आणि त्यावर छापलेलं होतं: ‘कोरोनरी अँजिओग्राफी, एसओएस पीटीसीए’. म्हणजे तपासणी, आणि गरज पडली तर त्याच बैठकीत अँजिओप्लास्टी. गरज पडली हे ठरवायचं कोणी आणि कधी, ते फॉर्मवर नव्हतं. ते आम्हाला कॅथलॅबच्या दारात कळलं. आतून बोलावणं आलं, शिशाचा एप्रन घातलेल्या डॉक्टरांनी पडद्यावर एक थांबवलेलं चित्र दाखवलं. मधल्या भागात शीर बारीक झालेली दिसत होती, बोट ठेवून म्हणाले सत्तर टक्के. ‘बोलो, शुं करवुं छे? अत्यारे ज करी दईए?’ पलीकडे भाऊजी टेबलावर जागे, मनगटात नळी तशीच. ताईने माझ्याकडे पाहिलं. अशा वेळी ‘नको’ म्हणणारं माणूस मी तरी अजून पाहिलेलं नाही.

स्टेंट बसला. भाऊजी ठणठणीत आहेत आणि डॉक्टरांच्या हेतूबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण तो स्टेंट लागणारच होता का, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन-दोन गोळ्या सुरू झाल्या, म्हणून त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन मात्र लांबलं. मला खुपलं ते एवढंच: जिथे निदान होतं त्याच टेबलावर उपचाराचा होकार मागितला जातो, तोही दारात उभं राहून. हार्ट अटॅकमध्ये हीच सोय जीव वाचवते. स्थिर छातीदुखीत मात्र त्या घाईला तसा आधार नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या इस्किमिया नावाच्या मोठ्या चाचणीत, रक्तपुरवठा बऱ्यापैकी कमी असलेल्या स्थिर रुग्णांमध्येसुद्धा, आधी नळी आणि स्टेंट-बायपासचा मार्ग धरल्याने मृत्यू कमी झाले नाहीत. ज्यांना दुखणं वारंवार होतं त्यांना आराम जास्त मिळाला, तो फायदा खरा. डाव्या मुख्य शिरेत मोठा अडथळा असलेले लोक त्यात घेतलेले नव्हते, हेही लक्षात ठेवावं. पण बाकीच्यांना घरी जाऊन, दुसऱ्या डॉक्टरांना सीडी दाखवून, शांतपणे ठरवायला वेळ असतो.

सीटीचं माझ्या दृष्टीने मोठं सुख हेच, की त्या यंत्रावर कोणी स्टेंट घालू शकत नाही. अहवाल हातात घेऊन माणूस घरी येतो.

तपासणी सोपी असली तरी तयारीला नखरे आहेत. आदल्या संध्याकाळपासून चहा-कॉफी बंद, आणि आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारात सकाळचा चहा सोडणं हे जरा जास्तच मागणं आहे. कारण असं की हृदय हळू चाललं तरच चित्र स्पष्ट येतं. ठोके मिनिटाला साठच्या आसपास हवेत. माझे अठ्ठ्याहत्तर होते. मेटोप्रोलॉलची गोळी देऊन तासभर बसवलं, मग एकसष्टावर आले. नंतर शिरा फुलाव्यात म्हणून जिभेखाली नायट्रेट. (लैंगिक क्षमतेची गोळी घेत असाल तर ते आधी सांगा, संकोच नको. नायट्रेटबरोबर रक्तदाब धोकादायक खाली जातो.) कोपराच्या आत जाडसर कॅन्युला लावून रंगद्रव्य जोरात सोडतात, अंगभर ऊब पसरते आणि कपड्यात लघवी झाली की काय असं वाटतं. तसं काही झालेलं नसतं. श्वास काही सेकंद रोखायचा, की संपलं.

अहवालात लिहिलं होतं: पुढच्या मुख्य शिरेत मिश्र थर, अरुंदपणा २५ ते ४९ टक्के, अडथळ्याच्या कॅड-रॅड्स या श्रेणीत २. म्हणजे दुखण्याचं कारण बहुधा ही शीर नाही, पण शिरेच्या भिंतीत आजार सुरू झालाय. दोन तपासण्यांतला फरक इथे कळतो. नळीची अँजिओ नळातली धार पाहते, सीटी पाइपाची भिंतही पाहते. भिंतीत साचलेला थर आत फारसा आलेला नसेल तर नळीच्या अँजिओत शीर ‘नॉर्मल’ दिसू शकते आणि माणूस निर्धास्त होऊन घरी जातो. मला त्याच आठवड्यात कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन सुरू झालं. स्कॉटलंडमधल्या स्कॉट-हार्ट चाचणीत हेच दिसलं. नेहमीच्या तपासणीला सीटीची जोड दिलेल्या गटात पाच वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट अटॅक २.३ टक्के लोकांना आला, सीटी न केलेल्या गटात ३.९ टक्के. फरकाचं श्रेय बहुतांशी वेळेवर सुरू झालेल्या औषधांना दिलं जातं.

समोरासमोर तुलना २०२२ च्या डिस्चार्ज चाचणीत झाली. स्थिर छातीदुखी आणि मध्यम संशय असलेले युरोपातले साडेतीन हजारांवर रुग्ण होते, निम्म्यांची आधी सीटी, निम्म्यांची थेट नळीची अँजिओ. साडेतीन वर्षांनी मृत्यू, हार्ट अटॅक, पक्षाघात यांत दोन्ही गटांत ठोस फरक नव्हता. प्रक्रियेशी निगडित मोठी गुंतागुंत मात्र सीटीकडे ०.५ टक्के आणि नळीकडे १.९ टक्के. आकडे दोन्हीकडे लहानच आहेत, त्यामुळे नळीला घाबरण्याचं कारण नाही. मनगटातून केली तर बहुतेक जण संध्याकाळी घरी येतात.

आता सीटी जिथे कमी पडते ते. आमच्या आत्याला जुना मधुमेह. तिच्या सीटीत आधी शिरांच्या भिंतीतलं कॅल्शियम मोजलं, त्याचा स्कोअर आठशेच्या वर निघाला. कॅल्शियम सीटीत असतं त्याहून फुगून दिसतं, त्यामुळे आतली जागा खरी किती उरली हे कळत नाही. तिच्या अहवालात दोन जागी ‘७० टक्क्यांहून जास्त, कॅल्शियममुळे अनिश्चित’ असं आलं आणि शेवटी नळीच्या अँजिओला जावंच लागलं. रंगद्रव्य दोनदा, बिलं दोन. वय जास्त, बरीच वर्षं मधुमेह किंवा डायलिसिस, ठोके अनियमित, तीन मिलिमीटरपेक्षा बारीक जुना स्टेंट, यांतलं काही असेल तर सीटीवर पैसे घालण्याआधी डॉक्टरांना विचारा की उत्तर मिळण्याची शक्यता किती. तिन्ही प्रश्नांना होकार असून औषधं घेऊनही थोडं चाललं की दुखत असेल, तर मीही थेट नळीकडे गेलो असतो. मूत्रपिंडं कमी काम करतात म्हणून क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर रंगद्रव्याची काळजी दोन्हीकडे आहे.

सीटी कुठे करायची, हाही प्रश्न आहे. बडोद्यात यंत्रं पुष्कळ आहेत, पण पोटाची सीटी करणं वेगळं आणि धडधडत्या हृदयाची वेगळं. मी फोनवर एवढंच विचारत होतो की ठोके जास्त असतील तर काय करता. ‘चालतं, या तुम्ही’ म्हणणारं केंद्र मी सोडलं. ‘गोळी देऊन थांबवू, नाहीच उतरले तर दुसऱ्या दिवशी बोलावू’ म्हणणाऱ्यांकडे गेलो.

पैशांचा एक काटा उलटा फिरतो. नळीची अँजिओ मेडिक्लेममध्ये बहुतेक वेळा डे-केअर म्हणून बसते, बाहेरून केलेली सीटी अनेकदा खिशातून जाते. म्हणून कित्येक जण स्वस्त पडते म्हणून नळी निवडतात. पॉलिसी आधी वाचून घ्या, आणि त्या हिशोबात सकाळच्या फॉर्मवरचा ‘एसओएस’ धरायला विसरू नका.

आत्याच्या वेळी आम्ही तो शब्द आदल्या दिवशीच डॉक्टरांपुढे काढला. डाव्या मुख्य शिरेत काही गंभीर निघालं तर तुम्ही सांगाल तसं, पण मधलं-अधलं काही दिसलं तर नुसत्या डोळ्यांच्या अंदाजावर स्टेंट नको, आधी प्रेशर वायरने मोजा, असं विचारलं. डॉक्टर रागावले नाहीत, उलट म्हणाले, ‘हे आधी बोललात ते बरं झालं.’ फॉर्मवर त्यांनी हाताने तसं लिहिलं. ती वायर अडथळ्याच्या पलीकडे नेऊन, औषधाने रक्तप्रवाह वाढवून, पुढचा दाब मागच्या दाबाच्या किती आहे ते मोजतात. ०.८० किंवा कमी आलं तर अडथळा रक्त अडवतोय, जास्त असेल तर सहसा औषधांवर भागतं. सीटीने सत्तरच्या वर सांगितलेल्या जागा नळीत पन्नास-साठ दिसल्या, वायरवर ०.८६ आणि ०.८९. स्टेंट न घालता आत्या दुसऱ्या दिवशी घरी आली, ठोके कमी ठेवणाऱ्या बीटा-ब्लॉकरचा डोस तेवढा वाढला.