अहवाल किती आले, हे दाखवणारा रकाना : पावसाळाभर वापरल्यानंतर

नागपूर जिल्ह्यातल्या तालुक्यांचे तापाचे साप्ताहिक अहवाल आम्ही DHIS2 या आरोग्य-माहिती प्रणालीत बघतो. रात्री आकडे ताजे होतात. पूर्वी सकाळी नकाशा उघडला की एखादा तालुका हिरवागार दिसायचा. ताप ओसरलेला नसायचा, उपकेंद्रांनी अहवालच पाठवलेले नसायचे. जूनपासून रुग्णसंख्येला लागून `REPORTING_RATE`, म्हणजे अपेक्षित अहवालांपैकी किती टक्के आले, तो रकाना लावला. ८० टक्क्यांखालचा तालुका आता नकाशावर राखाडी होतो.

भिवापूरचं उदाहरण घ्या, आकडे सोयीसाठी गोल केलेत. अपेक्षित अहवाल २०. आदल्या आठवड्यात १९ आले होते, रुग्ण ४०. या मंगळवारी रुग्ण १२. जुन्या नकाशावर ही मोठी घट वाटली असती, पण शेजारी लिहिलं होतं ३० टक्के, म्हणजे फक्त ६ अहवाल. दर अहवालामागे दोनच रुग्ण, जवळजवळ आदल्या आठवड्याइतकेच. शुक्रवारपर्यंत १९ अहवाल झाले आणि रुग्ण ४३ निघाले.

मग मंगळवारीच १२ ला ६ ने भागून २० ने गुणायचं का? आमच्याकडे एकाने ते करून पाहिलं, उत्तर जवळपास जुळलंही. तरी मी करत नाही. उशिरा येणारी उपकेंद्रं बहुतेक उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याकडची, रेंज नसलेली. तिथला ताप गावठाणालगतच्या उपकेंद्रांसारखाच असेल, हे कशावरून?

टक्केवारीवरही डोळे झाकून विसंबू नका. DHIS2 मध्ये अहवाल ‘आला’ असं धरतात ते Complete दाबल्यावर, आकडे भरल्यावर नाही. त्यामुळे कधी रुग्ण दिसतात आणि टक्केवारी शून्य. अशी जोडी दिसली की सरळ फोन करायचा, बटण राहिलेलं असतं. निरंक अहवालाचं तर सगळंच त्या बटणावर: सहसा शून्य साठवलं जात नाही, त्यामुळे ‘रुग्ण नाही’ आणि ‘अहवाल नाही’ यांतला फरक फक्त Complete सांगतं.

छेदाकडेही बघावं लागतं. अपेक्षित संख्या येते ती त्या फॉर्मला जोडलेल्या केंद्रांवरून. बंद पडलेलं केंद्र यादीत राहिलं की तो तालुका २० पैकी १९ वर, म्हणजे ९५ टक्क्यांवर, कायमचा अडकतो आणि तिथल्या डेटा ऑपरेटरला उगाच बोलणी बसतात.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. ग्रामीण रुग्णालयाचा अहवाल एक आणि चार घरांच्या वस्तीजवळच्या उपकेंद्राचाही एकच. ९५ टक्के दिसत असताना नेमकं रुग्णालयच राहिलं असेल, तर तालुक्याचे निम्मे रुग्ण गायब असू शकतात, आणि रंग मात्र हिरवा. यावर आम्ही रुग्णालयांचा गट वेगळा करून त्यांची टक्केवारी स्वतंत्र ओळीत लावली आहे. ती ओळ १०० होईपर्यंत मी तालुक्याचा आकडा कुणाला पाठवत नाही, साहेबांचा फोन आला तरी.