फॅक्टर आठची चाचणी: एक डायल्यूशन की तीन?

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारकडच्या एखाद्या प्रयोगशाळेत फॅक्टर आठची वन-स्टेज चाचणी नव्याने सुरू करायची झाली, की डिफिशियंट प्लाझ्माच्या बाटलीची किंमत पाहून पहिला प्रश्न हाच पडतो: रुग्णाचा नमुना एकाच १:१० डायल्यूशनवर तपासून आधी काढून ठेवलेल्या स्टँडर्ड रेषेवरून वाचावा, की प्रत्येक नमुन्याची किमान तीन डायल्यूशन लावून त्याच दिवशीच्या स्टँडर्डशी रेषा ताडून पाहावी? मी दोन्ही पद्धतींनी काम केले आहे आणि पहिल्या पद्धतीची सोय मला मान्य आहे. तरीही ती मी का सोडली, ते सांगतो.

चाचणी वाचकांना ठाऊकच असेल. आमच्याकडे विरल केलेला प्लाझ्मा, डिफिशियंट प्लाझ्मा आणि एपीटीटीचे अभिकर्मक प्रत्येकी ०.१ मिली घेऊन ३७ अंशांवर उबवतात, मग ०.१ मिली कॅल्शियम क्लोराईड घालून गुठळीचा वेळ मोजतात. डिफिशियंट प्लाझ्मात फॅक्टर आठ सोडून बाकी सारे असते, म्हणून वेळेतला फरक रुग्णाच्या फॅक्टर आठमुळेच पडला असे आपण धरतो. एका डायल्यूशनच्या पद्धतीत हे गृहीतक तपासायला काहीच साधन उरत नाही, हीच तिची खरी अडचण आहे.

खर्चाचा हिशेब मात्र एका डायल्यूशनच्याच बाजूचा आहे. एक मिलीच्या बाटलीतून दहा नळ्या होतात आणि विरघळवलेली बाटली त्याच दिवशी संपवावी लागते. तीन डायल्यूशन जोडीने लावली तर एका रुग्णालाच सहा नळ्या जातात, शिवाय स्टँडर्डच्या नळ्या वेगळ्या. आठवड्याला दोनच नमुने येणाऱ्या ठिकाणी हा भार जाणवतो. नमुने एकाच दिवशी एकत्र करून तो हलका करता येतो, पण त्यासाठी प्लाझ्मा गोठवावा लागतो. खानदेशातल्या उन्हाळ्यात यावल-चोपड्याहून निघालेली सायट्रेटची नळी दुपारभर उन्हात फिरली, तर फॅक्टर आठ आपोआपच उतरतो. म्हणून नमुना चार तासांच्या आत दोनदा फिरवून, प्लेटलेट काढून गोठवण्याची सोय मी आधी केली आणि मगच तीन डायल्यूशनकडे वळलो.

माझा निर्णय ज्या एका नमुन्याने केला, तो रावेर तालुक्यातल्या सात वर्षांच्या मुलाचा होता. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेआधी त्याचा एपीटीटी लांबलेला निघाला. मुलाला रक्तस्रावाचा कसलाही पूर्वेतिहास नव्हता. एका डायल्यूशनवर फॅक्टर आठ १६ टक्के आला आणि मी तसा अहवाल दिला. त्याचा अर्थ सौम्य हिमोफिलिया असा लावला गेला. शस्त्रक्रिया थांबली, आणि मुलाच्या आईला, तिच्या बहिणींनाही, वाहक असल्याच्या शंकेने तपासणीसाठी पाठवण्याची तयारी झाली. त्या बाईंना आपल्यामुळे हे मुलाला झाले असे वाटू लागले होते, हे मला आजही बोचते.

बहिणींच्या तपासणीआधी तोच गोठवलेला नमुना मी चार डायल्यूशनवर लावला. १:१० वर १७, १:२० वर ३१, १:४० वर ५२ आणि १:८० वर ६८ टक्के आले. हे सगळे आकडे डायल्यूशनने गुणून मूळ प्लाझ्मासाठी काढलेले आहेत, म्हणजे फॅक्टर खरोखरच कमी असता तर ते चारही ठिकाणी जवळपास सारखे यायला हवे होते. कागदावर रुग्णाची रेषा स्टँडर्डपेक्षा कमी उताराची होती, आणि प्लाझ्मा जसजसा विरल होत गेला तसतशी ती स्टँडर्डकडे सरकत होती. फॅक्टर नऊच्या चाचणीतही आकडे याच दिशेने चढले. म्हणजे कमी काही नव्हते. नमुन्यात असे काहीतरी होते जे अभिकर्मकातल्या फॉस्फोलिपिडला अडवून वेळ लांबवत होते आणि विरल होताच दुबळे पडत होते. हे ल्युपस अँटिकोआग्युलंटचे वागणे आहे. सामान्य प्लाझ्माशी समप्रमाणात मिसळूनही एपीटीटी लगेच सुधारला नाही. लहान मुलांत संसर्गानंतर असा प्रकार तात्पुरता दिसतो, आणि तीन महिन्यांनी त्याचा एपीटीटी सामान्य निघाला.

रेषा समांतर नसल्या की ल्युपसच, असे मात्र म्हणू नये. नळीत हेपरिन असले किंवा रुग्ण डॅबिगाट्रानसारखे औषध घेत असला, तरी रेषा अशीच वाकते. नमुना काढताना अडथळा येऊन गोठणे सुरू झालेले असले, तरीही उतार बिघडतो. आणि रेषा समांतर आल्या म्हणून इनहिबिटर नाही, हाही निष्कर्ष चुकीचा आहे. सत्तरीच्या एका गृहस्थांच्या मांडीवर व हातावर मोठे काळेनिळे डाग आले होते. त्यांचा फॅक्टर आठ १:५ वरही ४ टक्के आणि १:१० वरही ४ टक्केच आला. तो समांतर येण्याचे कारण असे, की डिफिशियंट प्लाझ्मात फॅक्टर आठ नसतोच, त्यामुळे त्यांच्या अँटिबॉडीला तिथे नष्ट करायला काही उरत नाही. तिची खूण फॅक्टर नऊच्या चाचणीत सापडली, कारण त्या डिफिशियंट प्लाझ्मात फॅक्टर आठ असतो आणि त्यावर अँटिबॉडी चालून जाते. तिथे १:१०, १:२० आणि १:४० वर अनुक्रमे ३८, ६२ आणि ९० टक्के आले. नऊ विरलनाने वर आला, आठ तळाशीच राहिला, हा फरक निर्णायक वाटला. मिश्रणाचा एपीटीटी सुरुवातीला जवळजवळ सुधारला आणि ३७ अंशांवर दोन तासांनी पुन्हा लांबला. त्यावरून बेथेस्डा चाचणी मागवायची हे ठरले. काही अँटिबॉडी फॅक्टर आठचीच रेषा वाकवतात, हेही लक्षात असावे.

तीन डायल्यूशनची एक खोड सांभाळावी लागते. शेवटचे डायल्यूशन रिकाम्या नळीच्या वेळेजवळ गेले, म्हणजे रुग्णाचा प्लाझ्मा न घालता नुसत्या बफरने येणाऱ्या वेळेजवळ, तर रेषा तिथे आपोआप सपाट होते आणि ते असमांतर असल्यासारखे दिसते. पाच टक्क्यांच्या आसपासच्या नमुन्याला म्हणूनच १:४० न लावता १:५, १:१० आणि १:२० लावावे. रुग्ण आणि स्टँडर्डच्या नळ्या आलटून-पालटून मोजाव्यात, कारण विरल प्लाझ्मात फॅक्टर आठ बसल्याजागी उतरत जातो आणि आधी सगळे स्टँडर्ड, मग सगळे रुग्ण असे केले तर तो उतारच रेषेत शिरतो. डायल्यूशन केल्यावर अर्ध्या तासाच्या आत मोजणी संपवण्याचा माझा नियम आहे.

ओळखीच्या हिमोफिलिया रुग्णाचा उपचारानंतरचा फॅक्टर पाहायचा असेल, त्याला इनहिबिटर नसल्याचे अलीकडेच पाहिलेले असेल आणि बाटली खरोखर शेवटची असेल, तर एका डायल्यूशनवर भागवणाऱ्याला मी दोष देणार नाही. पण निदानाच्या पहिल्या नमुन्याला, आणि विशेषतः कधीही रक्तस्राव न झालेल्या माणसाच्या लांबलेल्या एपीटीटीला, मला तीनपेक्षा कमी डायल्यूशन पुरेशी वाटत नाहीत.

रेषा समांतर नसल्यास मी आता सरासरी काढून एक आकडा देत नाही. औषधे आणि नमुना तपासून ल्युपसचाच प्रकार दिसला, तर स्टँडर्डच्या वाचनीय टप्प्यातल्या सर्वांत विरल नळीचा आकडा घेतो आणि अहवालात लिहितो: 'फॅक्टर आठ किमान ६८ टक्के, रेषा समांतर नाहीत, इनहिबिटरचा परिणाम दिसतो, ल्युपस अँटिकोआग्युलंटची चाचणी करावी.'