फॉरवर्ड करावी की नव्याने लिहावी? मुलाखतीचं बोलावणं खरं आहे का, हे एचआरला विचारताना

मुलाखतीची मेल आली आणि त्यात काहीतरी खटकलं, तर थेट कंपनीला विचारावं, यावर कुणाचं दुमत नसतं. अडतं ते पुढे. आलेली मेल जशीच्या तशी एचआरला फॉरवर्ड करायची, की वेगळी, स्वतंत्र मेल लिहायची? दोन्ही प्रकार मी करून पाहिले आहेत आणि दोन्हींनी काम होतं. फक्त एका प्रकारात काम झालं की नाही, हेच कळत नाही.

उदाहरणासाठी एक कल्पित प्रसंग घेऊ. वडोदऱ्याच्या मकरपुऱ्यात राहणारी, डिप्लोमा मेकॅनिकल झालेली मुलगी. तिला मंजुसरच्या एका कारखान्याकडून क्वालिटी इन्स्पेक्टरच्या जागेसाठी बोलावणं आलं. लोगो बरोबर, पत्ता बरोबर, खाली एचआर मॅनेजरचं नावही आहे. मेल मात्र `hr@kampani-careers.example` वरून आली आहे आणि कंपनीची साइट आहे `kampani.example`. शिवाय कागदपत्रांच्या पडताळणीसाठी १,८५० रुपये आज संध्याकाळपर्यंत यूपीआयने भरा, मुलाखतीनंतर परत मिळतील, अशी ओळ आहे.

पैशाची ती ओळ वाचूनच बहुतेकांना उत्तर कळेल. पण ती ओळ नसती, तर नुसत्या डोमेनवरून ठरवणं अवघड होतं. पुष्कळ कंपन्या भरतीचं काम एजन्सीला देतात किंवा बाहेरच्या सॉफ्टवेअरमधून बोलावणी पाठवतात, त्यामुळे खरी मेलही अनोळखी डोमेनवरून येऊ शकते. जीमेलमध्ये `Show original` उघडलं की एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या मेलच्या तपासण्यांपुढे `PASS` दिसतं आणि हायसं वाटतं. त्याचा अर्थ मात्र एवढाच, की मेल खरोखर त्याच डोमेनवरून आली आहे. ते डोमेन त्या कंपनीचं आहे का, याबद्दल ते काही सांगत नाही. डोमेन कुणीही विकत घेऊ शकतो. ते कुणाचं, हे कंपनीलाच माहीत.

आता फॉरवर्डची बाजू. दोन क्लिकांत, मोबाइलवरूनही होतं आणि एचआरला सगळं जसं आलं तसं दिसतं: लोगो, सही, भाषा. बनावट मेल बनवणाऱ्यांनी काय नक्कल केली आहे, हे कंपनीला बघायचं असेल तर ते यातूनच कळतं. साध्या फॉरवर्डमध्ये मूळ मेलचे तांत्रिक तपशील मात्र गळून जातात. पाठवणाऱ्याचा पत्ता उरतो तो नुसत्या मजकुरासारखा. तपशील राखायचे तर संगणकावर जीमेल उघडून `Forward as attachment` निवडावं लागतं, मग मूळ मेल `.eml` फाइल होऊन जाते.

माझं मत जिथे झुकलं, तो त्रास इथेच आहे. फसव्या मेलमधली लिंक किंवा जोडलेली फाइल तुमच्या फॉरवर्डमध्येही असते. कंपनीच्या मेल-फिल्टरला ती तुम्हीच पाठवलेली दिसते आणि फिल्टर ती बाजूला काढून ठेवतो. तुमच्याकडे ती परतही येत नाही. तिकडे ती कुणाच्या डोळ्यांखालून जात नाही आणि इकडे तुम्ही उत्तराची वाट बघत बसता. याहून वाईट दुसरा प्रकार: `Fwd: Interview Call Letter` असा विषय पाहून करिअरच्या पत्त्यावरची यंत्रणा तो अर्ज समजते आणि ‘आपला अर्ज मिळाला, आमची टीम लवकरच संपर्क करेल’ असं ठरलेलं उत्तर धाडते. घाईत असलेला उमेदवार ते दुजोरा म्हणून वाचतो. हा गोंधळ मी इतक्या जणांचा पाहिला आहे, की ‘कंपनीने उत्तर दिलं’ असं कुणी म्हणालं की उत्तरात नेमके शब्द काय होते, हे आधी विचारतो.

नव्याने लिहिलेल्या मेलला दहा-पंधरा मिनिटं जातात, पण तिच्यात अडकण्यासारखं काही नसतं. लिंक न देता पाठवणाऱ्याचा पत्ता अक्षरं तोडून लिहायचा, म्हणजे `@` च्या जागी `(at)`. मेल साधारणपणे इंग्रजीतच जाते, त्यामुळे इथे फक्त तिचा आशय देतो:

‘विषय: क्वालिटी इन्स्पेक्टर, मुलाखत १४ तारीख, मंजुसर: बोलावण्याची खात्री हवी आहे. मला hr(at)kampani-careers.example या पत्त्यावरून ९ तारखेला सकाळी ११:२० वाजता बोलावणं आलं. खाली अमुक मॅनेजरांचं नाव आहे. त्यात १,८५० रुपये मागितले आहेत. हे बोलावणं तुमच्या विभागाने किंवा तुमच्या एजन्सीने पाठवलं आहे का? हो किंवा नाही एवढं कळवलं तरी पुरे. मूळ मेल हवी असल्यास पाठवते.’

प्रश्न नेमका याच बोलावण्याबद्दल हवा. ‘तुमच्याकडे भरती चालू आहे का?’ असं विचारलं तर ‘हो’ असं खरंखुरं उत्तर येतं आणि ते काही कामाचं नसतं. बायोडेटा जोडू नये, नाहीतर पुन्हा अर्ज समजला जातो. आधार-पॅनची इथे गरजच नाही. आणि ज्याच्याबद्दल शंका आहे त्याला सीसीमध्ये ठेवू नये. ‘रिप्लाय ऑल’ दाबल्याने हे नकळत होतं.

पत्ता आलेल्या मेलमधून घ्यायचा नाही, कंपनीच्या साइटवरून घ्यायचा, आणि साइटही स्वतः टाइप करून उघडायची. साइटवर एचआरचा पत्ता नसला तर अडत नाही. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२ नुसार कंपनीच्या पत्रांवर नोंदणीकृत पत्ता, सीआयएन हा कंपनीचा ओळख क्रमांक, फोन आणि ईमेल छापणं बंधनकारक आहे. जुनं बिल किंवा पत्र कुणाकडे असेल, तर त्यावरचा ईमेल-पत्ता चालतो. तो बहुधा सेक्रेटरी किंवा अकाउंट्सचा असतो, म्हणून पहिल्याच ओळीत ‘कृपया एचआरकडे पाठवावे’ असं घालावं.

एक गोष्ट मान्य करायला हवी. एचआरमध्ये दोनच माणसं असलेल्या छोट्या कारखान्यात फिल्टर फारसा कडक नसतो. तिथे फॉरवर्ड सुखरूप पोचेल आणि कदाचित लवकर वाचलीही जाईल. कंपनीने स्वतः मूळ मेल मागितली, तर `.eml` जोडून पाठवणंच योग्य. माझ्या मते फॉरवर्डची जागा ही, दुसऱ्या मेलमध्ये.

मुलाखत उद्यावर आली असेल तर दोन्ही मेल बाजूला ठेवून साइटवरच्या बोर्ड नंबरवर फोन करावा, एचआर मागावं आणि तोच एक प्रश्न विचारावा. एरवी कामाचे दोन दिवस थांबावं. दिवाळीत मात्र आपल्याकडे लाभपाचमेपर्यंत बरीच ऑफिसं बंद असतात, तेव्हा उत्तर आलं नाही म्हणून काही निष्कर्ष काढू नये. फक्त तोवर पैसे भरू नयेत.

उत्तर आलं की आधी पाठवणाऱ्याचं डोमेन बघा, मग तुमच्या प्रश्नाला सरळ हो किंवा नाही आहे का ते बघा. ‘हो’ आलं, पण पैशाबद्दल चकार शब्द नसेल, तर त्याच मेलवर तेवढंच पुन्हा विचारा. ‘नाही’ आलं, तर मूळ मेल डिलीट करू नका. `cybercrime.gov.in` वर तक्रार करताना ती लागते. पैसे आधीच गेले असतील तर उत्तराची वाट न बघता ताबडतोब १९३० ला फोन करा.