घरघंटीच्या दुकानात तक्रारवही: काही महिन्यांच्या वापरानंतर

रविवार कारंजाजवळ आमचं घरघंटी आणि मिक्सरचं दुकान आहे. गेल्या पावसाळ्यापासून गल्ल्याशेजारी मी एक जाड वही ठेवली आहे. तिच्यात गिऱ्हाइकाची तक्रार त्याच्याच शब्दांत लिहायची, पुढे काय आणि कधी करणार ते लिहायचं, झालं की खूण करायची. शेवटच्या रकान्यात ते गिऱ्हाईक पुन्हा खरेदीला आलं का, एवढंच. इतक्या महिन्यांच्या वापरानंतर माझं मत असं, की वही ठेवावी, पण ती नेमकी कुठे उपयोगी पडते हे आधी समजून घ्यावं.

ती सगळ्यात जास्त उपयोगी पडते ती मशीनमध्ये दोष नसतो तेव्हा. श्रावणात सिडकोतल्या एक काकू भर गर्दीत आल्या. पीठ गरम येतं, जाळी चोंदते, मोटर मध्येच बंद पडते. "नवी म्हणून जुनी मशीन गळ्यात मारलीत," असं त्या सगळ्यांसमोर बोलल्या. पावसाळ्यात ही लक्षणं एकत्र दिसली की बहुतेकदा धान्य दमट असतं. ओलसर पीठ जाळीच्या भोकांना चिकटतं, आतलं पीठ बाहेर पडत नाही, तेच पुन्हा पुन्हा दळलं जाऊन तापतं. मोटरवर ताण आला की ओव्हरलोडचं बटण ती बंद करतं. हे मला ऐकताक्षणी कळलं होतं, तरी मी ते बोलले नाही. चारचौघांत "काकू, तुमचा गहू ओला असेल" म्हटलं असतं, तर ते खरं असूनही त्यांना आरोपच वाटला असता.

त्यांना आत बसवलं, पूर्ण बोलू दिलं, मग त्यांचे शब्द वहीत लिहून वाचून दाखवले. "हेच ना काकू? काही राहिलं का?" त्यावर त्यांनी स्वतःहून सांगितलं, की आधीच्या मशीनवरही दुसऱ्या एका दुकानाने दाद दिली नव्हती. निम्मा राग तिकडचा होता. मग दोनच प्रश्न विचारले: कोणतं धान्य, आणि किती वेळाने बंद पडते? शेवटी वेळ सांगितली: "उद्या चारच्या आत मेकॅनिक येईल. त्याला जमणार नसेल तर तीनला मी स्वतः फोन करते." 'बघतो', 'पाठवतो' हे शब्द आता आमच्या दुकानात चालत नाहीत.

मेकॅनिकसोबत दुकानातला दोन किलो कडकडीत वाळलेला गहू दिला. त्याने जाळी स्वच्छ करून आधी तो दळला. पीठ भराभर आलं, मोटर थांबली नाही. मग त्याच मशीनमध्ये काकूंचा गहू घातला आणि थोड्याच वेळात जाळी भरली. त्यांनीच मूठभर गहू चाचपला आणि म्हणाल्या, "धुऊन पंख्याखाली वाळवला होता, ऊन कुठंय?" मेकॅनिकला काही सिद्ध करावं लागलं नाही. जुनी जाळी खराब झाली होती, ती आम्ही बदलून दिली. पैशांची सूट दिली नाही. आठवड्याने मी फोन केला, मशीन नीट चालू होती. दिवाळीत त्या मिक्सर घ्यायला आल्या, सोबत नणंदेला घरघंटी दाखवायला घेऊन.

या फोनला मी फार महत्त्व देते. दुरुस्तीच्या दिवशी माणूस बरं म्हणतो. खरं काय ते चार दळणं झाल्यावर कळतं.

आता मर्यादा. तक्रार उत्तम सोडवली की गिऱ्हाईक आधीपेक्षाही खूश होतं, या कल्पनेवर 1992 पासून संशोधन होत आलं आहे. 2007 साली अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा समाधान वाढतं असं दिसलं, पण पुन्हा खरेदी करण्याच्या इराद्याबाबत तसा परिणाम दिसला नाही. माझ्या वहीचा शेवटचा रकानाही हेच सांगतो. खूश झालेले सगळे परत येत नाहीत. घरघंटी काही दरवर्षी कोणी घेत नाही. जे येतात ते मिक्सरसाठी, जाळीसाठी, नाहीतर नातेवाइकांना घेऊन.

आणि तीच तक्रार दुसऱ्यांदा आली, की गोड बोलणं कामाचं नाही. गंगापूर रोडच्या एका दादांची मोटर दुरुस्तीनंतर पुन्हा जळली. कंपनीकडून नवी येईपर्यंत आम्ही वापरायला दुसरी मशीन दिली, वेळ पाळली. ते शांतपणे आभार मानून गेले आणि पुढचा मिक्सर दुसरीकडून घेतला. म्हणून आता मोटरची तक्रार असेल तर पहिल्याच फेरीत मेकॅनिक घरातला व्होल्टेजही मोजतो, आणि त्या आकड्यासाठी वहीत वेगळा रकाना केला आहे.