कोल्हापूर ते पुणे, बसता न येणारा पेशंट: कार, इनोव्हा, व्हॅन का ट्रॅव्हलर?

पेशंटला पुण्याला हलवायचं ठरलं की घरात आधी गाडीवरनं चर्चा सुरू होते, आणि थांबायचं कुठं ते वाटेत बघू म्हणून सोडून देतात. पेशंटला जास्त वेळ बसवतच नसेल तर हे उलटं करा. गाडी थांबल्यावर पेशंट नक्की काय करणार हे आधी विचारा, गाडी बरीचशी त्यातच ठरती.

एक केस धरू. शिवाजी पेठेतल्या सत्तरीच्या मावशी, न्हाणीत घसरल्या आणि एल वन, म्हणजे कमरेच्या पहिल्या मणक्याला फ्रॅक्चर. पायात ताकद आहे, लघवीवर ताबा आहे, इथल्या डॉक्टरांनी सांगितलंय की पुण्याला न्या पण आडवं, बसवायचं तर पंधरा-वीस मिनिटं बास. अंतर साधारण 235 किमी, एरवी कारनं चार तासाचा रस्ता, पण पेशंट आडवा असेल तर साडेपाच तास धराच.

पहिला पर्याय घरची कार, पुढची सीट पूर्ण मागं पाडून. सगळ्यांना हेच सुचतंय कारण पैसे वाचतात आणि ओळखीचा माणूस चालवतो. पण मागं रेललेली सीट म्हणजे झोपणं नव्हे. अर्धवट रेललं की अंग हळूहळू खाली घसरत राहतं, माकडहाडावर कातडी ओढली जाते, आधीच तिथं लाल झालं असेल तर पुण्यात पोचेपर्यंत जखम उघडू शकते, आणि कमरेत बाक येतो तो वेगळाच. त्यात सीटबेल्ट कमरेवरनं सरकून पोटावर येतो, म्हणजे जोरात ब्रेक लागला तर माणूस बेल्टखालून पुढं जातो. बरं, थांबून आराम द्यावा म्हटलं तर मावशींना झोपवणार कुठं? मागची सीट माणसाच्या उंचीपेक्षा आखूड, आणि गाडीतनं उतरवणं-चढवणं हाच सगळ्यात दुखरा भाग. म्हणजे कारमध्ये जितके थांबे जास्त तितका त्रास जास्त. ज्याला तासभर नीट बसवतं आणि जो स्वतः उतरून चार पावलं चालतो, त्याला कार चालेल, कराड, सातारा, शिरवळ असे टप्पे करत. मावशींना नाही.

इनोव्हा किंवा अर्टिगाच्या सीटा पाडून गादी टाकणे हा दुसरा. झोपायला मिळतं खरं, पण पाडलेल्या सीटा सपाट नसतात, मध्ये उंचवटा राहतो, आणि पेशंटला बांधायला काहीच नसतं. हायवेवर अचानक ब्रेक लागला तर नातेवाईक हातानं धरून थांबवू शकत नाही, कितीही घट्ट धरा. मी हा पर्याय कुणालाच सांगत नाही. स्लीपर बस तर सोडूनच द्या, त्या बर्थवर मावशींना चढवणार कोण आणि मधेच कूस बदलायला बस थांबवणार कोण.

मग राहिल्या अँब्युलन्स. 108 ची गाडी इमर्जन्सीसाठी आहे, ठरवून दुसऱ्या शहरात न्यायला ती धरू नका, हे प्रायव्हेट गाडीचंच काम. त्यात छोटी व्हॅन, म्हणजे ओम्नी-इको सारखी, आणि मोठी, म्हणजे ट्रॅव्हलर नाहीतर विंगर. छोटीचा एक मोठा फायदा पेठेतल्या लोकांना कळेल, ती बोळात दारापर्यंत येते. पण आत स्ट्रेचर ठेवलं की बाजूला बसणाऱ्याला गुडघे हलवायला जागा नसते, मावशींना कुशीवर वळवायचं तर दोघांनी दोन बाजूंनी धरायला हवं आणि तिथं एकच बाजू मोकळी. शिवाय गाडी छोटी आणि हलकी, पुलाच्या जोडावरनं गेली की मागं दणका जास्त बसतो. गावातल्या गावात सीटी स्कॅनला न्यायला उत्तम, पुण्याला नको.

मावशींसाठी मोठी गाडी, आणि ती बोळात येत नसेल तर स्ट्रेचर मेन रोडपर्यंत आणायचं. माडीवरनं खाली आणायला स्कूप स्ट्रेचर आहे का ते बुकिंगलाच विचारा, दोन बाजूंनी सरकवून अंगाखाली जोडता येतं म्हणून पेशंटला उचलून वाकवावं लागत नाही. मॉनिटर-व्हेंटिलेटरवाली कार्डियाक गाडी मात्र इथं उगीच घेऊ नका, श्वास, बीपी, हार्ट स्थिर असेल तर ते पैसे वाया. डॉक्टरांनी वाटेत ऑक्सिजन किंवा मॉनिटर लागेल असं म्हटलं असेल तरच ती घ्या.

गाडी आदल्या दिवशी बघून या. स्ट्रेचर जमिनीला लॉक होतं का ते हातानं हलवून बघा, छाती, मांडी आणि पोटरी असे तीन पट्टे आहेत का बघा, आणि मागच्या केबिनमध्ये एसी लागतो का ते चालू करून बघा, ड्रायव्हर होय म्हणाला म्हणून सोडू नका. रेक्झिनची गादी पातळ असते, त्यावर घरची वाकळ दुहेरी घालून वर सुरकुती नसलेली चादर. हवेची गादी नको, ती डुलते. गुडघ्याखाली उशी दिली की कंबर सैल पडते. भाडं ठरवताना परतीचे किलोमीटर, वेटिंग आणि मदतनीस धरून किती, हे एका वाक्यात विचारा. अँब्युलन्सला टोल नसतो, तो भाड्यात लावत असतील तर बोला.

आता थांबे. इथं थांबणं म्हणजे उतरणं नव्हे, मावशी स्ट्रेचरवरच राहणार. मागचं दार उघडायचं, एकानं खांदा, दुसऱ्यानं कंबर आणि मांडी धरून अंग लाकडाच्या ओंडक्यासारखं एकसाथ वळवायचं, मध्ये पीळ नाही, पाठीची कातडी बघायची, घोटे दहा-वीस वेळा वर-खाली, दोन घोट पाणी, बेडपॅन. लघवीला होईल म्हणून पाणी तोडू नका. पंधरा मिनिटात होतं सगळं.

पहिला थांबा कराड, साधारण 75 किमीवर. मलकापूरला हायवेलगत कृष्णा हॉस्पिटल आहे म्हणून तिथला टप्पा सोयीचा, काही बिघडलं तर लांब जायला नको. दुसरा सातारा, आणखी 50 किमी. तिसरा शिरवळ. खंबाटकीच्या आधी साताऱ्यातच सगळं उरकून घ्या, कारण पुण्याकडं जाताना जुन्या बोगद्यातनं बाहेर पडलं की उतार आणि एस आकाराचं वळण आहे, तिथं पेशंट पट्ट्यात नीट बांधलेला आणि पाठीवर हवा, कुशीवर नको. जागा निवडताना ढाब्याच्या खडीपेक्षा पेट्रोल पंपाचा काँक्रीटचा सपाट भाग बरा, गाडी एका बाजूला कलली तर वळवताना मावशी घसरतात. हायवेच्या कडेला पट्टीवर थांबायचं नाही, कितीही रडल्या तरी पुढचा पंप गाठा. कागल-सातारा सहापदरीच्या कामात जिथं डायव्हर्जन आहे तिथं ड्रायव्हरला आधीच सांगा की ताशी वीसनं गेलं तरी चालेल.

निघायची वेळ सगळे पहाटे चारची सांगतात. मी नऊची सांगीन. नाश्ता करून डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी घ्यायची, अर्धा-पाऊण तासानं निघायचं, दोन-अडीचला पुणं. तोवर वॉर्डातले डिस्चार्ज होऊन बेड मोकळे झालेले असतात, सकाळी लवकर पोचलं तर कॅज्युअल्टीच्या पॅसेजमध्ये स्ट्रेचरवर पडून राहावं लागतं आणि तो वेळ गाडीपेक्षा वाईट जातो. ड्रायव्हरची झोपही झालेली असते. एप्रिल-मेमध्ये मात्र एसी नक्की असेल तरच.

वाटेत पायाला नवीन बधिरपणा, पाय उचलताना जड, लघवी तुंबणं, एकच पोटरी सुजून दुखणं किंवा एकदम धाप, यातलं काहीही दिसलं तर पुणं विसरा आणि जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात शिरा. सातारा गाठता येत असेल तर सिव्हिल आहे.

खेड शिवापूर टोल गेला की हॉस्पिटलला फोन, बेड नंबर आणि कुठल्या गेटनं यायचं ते विचारून घ्या. एक्स-रे, एमआरआयच्या फिल्म आणि डॉक्टरांची चिठ्ठी मागच्या बॅगेत नको, हातात. आणि मावशी वॉर्डातल्या बेडवर सरकेपर्यंत अँब्युलन्स सोडू नका, बेड तयार नाही म्हणून तासभर थांबायला लागलं तर त्यांचं स्ट्रेचर बाहेरच्या बाकापेक्षा बरं, वेटिंगचे पैसे त्यासाठीच आधी ठरवून ठेवले होते.